पहिल्याच पावसात ओल: बिल्डरला लिहायचे पत्र

शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे मोहल्ल्यातले अर्ज, पत्रे आणि तक्रारी लिहून देण्याचे काम आमच्याकडे आपोआप आले आहे. रेशनकार्ड, वीजबिल, शाळेचा दाखला हे तर नेहमीचेच. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या पत्राची भर पडली. नवा फ्लॅट घेतला, ताबा मिळाला, सामान लावले, आणि पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला ओल आली. हॉलमध्ये तडा दिसू लागला. बिल्डरला फोन केला की तो म्हणतो, "माणूस पाठवतो." माणूस येतो, मोबाईलवर फोटो काढतो आणि जातो. मग मंडळी आमच्याकडे येतात, "सर, एक कडक पत्र लिहून द्या."

कडक म्हणजे काय, यावर आमचे त्यांच्याशी नेहमी थोडे वाजते. लोकांना वाटते की पत्रात राग दिसला पाहिजे. आयुष्यभराची कमाई, आखाती देशात दहा वर्षे राबलेला मुलगा, विकलेले दागिने, सगळे त्यात आले पाहिजे. ते सगळे खरे असते. पण बिल्डरच्या ऑफिसात पत्र वाचणाऱ्या माणसाला त्याचे उत्तर द्यावे लागत नाही. ज्याचे उत्तर द्यावेच लागते, ते पत्रात दुसरेच असते: तारीख, जागा आणि कायद्यातले एक कलम.

ते कलम आधी पाहू. स्थावर संपदा कायदा, म्हणजे ज्याला आपण 'रेरा' म्हणतो, तो २०१६ चा आहे. त्याच्या कलम १४ च्या पोटकलम ३ मध्ये असे आहे की ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या रचनेतला दोष, किंवा कारागिरीतला, दर्जातला अथवा सेवासुविधांतला दोष घरमालकाने बिल्डरच्या 'निदर्शनास आणला', तर तो दोष जादा पैसे न घेता तीस दिवसांत दुरुस्त करून देणे हे बिल्डरचे कर्तव्य आहे. तसे केले नाही तर घरमालक नुकसानभरपाईला पात्र ठरतो.

या वाक्यातले सगळ्यात महत्त्वाचे शब्द 'निदर्शनास आणला' हे आहेत. फोनवर सांगितले, साईटवरच्या सुपरवायझरला दाखवले, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकला, हे सगळे निदर्शनास आणणेच आहे. पण दोन वर्षांनी ते सिद्ध करायची वेळ आली की सुपरवायझर दुसऱ्या साईटवर गेलेला असतो आणि फोन बदललेला असतो. तीस दिवस नेमके कुठून मोजायचे, हेही ठरत नाही. पत्राचे पहिले काम एवढेच, की अमुक तारखेला अमुक दोष कळवला, याचा पुरावा तयार करणे. पाच वर्षे मोजायची ती कब्जापत्रावरच्या म्हणजे पझेशन लेटरवरच्या तारखेपासून. कराराच्या नोंदणीची तारीख वेगळी, राहायला गेलेली तारीख वेगळी. म्हणून कब्जापत्राची झेरॉक्स पत्राला जोडावी.

काही कब्जापत्रांत "वॉटरप्रूफिंगची हमी एक वर्ष" अशी ओळ असते आणि ती दाखवून लोकांना परत पाठवले जाते. कायद्याने दिलेली पाच वर्षे अशा ओळीने कमी होत नाहीत. महारेराच्या नमुना करारात दोषदायित्वाचे कलम हे बिल्डरला बदलता न येणाऱ्या कलमांपैकी एक आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पुण्यात कोंढव्याच्या बाजूला सात मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे अब्बा तो घेऊन राहत होते. ताबा ३ फेब्रुवारी २०२४ ला मिळाला आणि रमजानच्या आधी सगळे राहायला गेले. मे महिन्यात हॉलच्या भिंतीवर बीमच्या खाली आडवी रेघ दिसली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बेडरूमची पश्चिमेची भिंत ओली झाली. बाथरूमच्या मागची भिंत तर त्याआधीच गुडघ्यापर्यंत पोपडे धरत होती. ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातातल्या कागदावर एकच वाक्य होते, "घरात सगळीकडे लीकेज आहे, लवकर काहीतरी करा."

"सगळीकडे लीकेज" या शब्दांनी नुकसान होते. या घरात तीन वेगळे दोष होते, तिन्हींची कारणे वेगळी होती आणि तिन्हींची दुरुस्तीही वेगळी. एकत्र लिहिले की बिल्डरचा माणूस येतो, तिन्ही ठिकाणी पुट्टी भरतो, रंगाचा एक हात मारतो आणि "काम पूर्ण" असे लिहून घेतो. म्हणून पत्राआधी आम्ही त्यांना आठ दिवस नुसते बघायला सांगितले.

ओल कधी वाढते, हे बघायचे. पश्चिमेची भिंत जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी गडद व्हायची आणि चार दिवस उघडीप मिळाली की फिकी पडायची. म्हणजे पाणी बाहेरून येत होते: बाहेरच्या गिलाव्यातल्या चिरांतून, किंवा खिडकीच्या चौकटीभोवतालच्या सांध्यातून. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येतो, म्हणून त्या बाजूच्या भिंतीला सगळ्यात जास्त मार बसतो. बाथरूममागची ओल मात्र पावसाशी बांधलेली नव्हती. ती मार्चमध्येही होती. तिथे पाणी आतूनच येत होते.

आतून म्हणजे दोन शक्यता. एक, भिंतीत गाडलेली पाण्याची पाईप गळते आहे. दोन, बाथरूमच्या फरशीखालचे वॉटरप्रूफिंग किंवा नहाणी ट्रॅपचा सांधा नीट झालेला नाही. बाथरूमचा मुख्य वॉल्व्ह दोन-तीन दिवस बंद ठेवून बादलीने पाणी वापरले आणि तरी ओल तशीच राहिली, तर पाईपवरचा संशय कमी होतो. मग नहाणीला फडक्याचा घट्ट बोळा लावून फरशीवर दोनेक इंच पाणी चोवीस तास साठवून ठेवायचे. याला पाँडिंग टेस्ट म्हणतात. खाली कोणी राहत असेल तर त्यांना आधी सांगून, नाहीतर नसते भांडण ओढवते. या घरात पाणी भरल्यावर बोळा जागेवर होता, तरी दुसऱ्या दिवशी पाणी जवळजवळ अर्ध्या इंचाने उतरले आणि खालच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या छताला थेंब दिसू लागले. खालच्या भाभींनी तो थेंब स्वतः पाहिला आणि आपल्या नावाने वेगळे पत्र द्यायला त्या तयार झाल्या. शेजाऱ्याचे वेगळे पत्र असले की बिल्डरला "तुमच्याच घरात वापर चुकीचा आहे" असे म्हणणे जड जाते.

तड्यांचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तिथे भीतीही जास्त आणि थापाही जास्त. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील, नखाला लागत नसतील, तर तो बहुतेक गिलावा सुकताना आकसल्याचा परिणाम असतो. दिसायला वाईट, पण धोक्याचा नाही. आणखी एक नेहमीची जागा म्हणजे सिमेंट काँक्रीटचा बीम किंवा कॉलम आणि विटांची किंवा सिपोरेक्सच्या ब्लॉकची भिंत जिथे मिळतात ती रेघ. दोन्ही पदार्थ उन्हाने आणि ओलाव्याने वेगवेगळे हलतात. त्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी, म्हणजे चिकन मेश, ठोकायची असते. ती टाळली किंवा भिंत घाईत बीमला भिडवली की वर्षाच्या आत तिथे सरळ आडवी चीर येते. आमच्या उदाहरणातली हॉलमधली चीर हीच होती. इमारत पडणार नव्हती, पण हा कारागिरीतला दोष होता, आणि कलमात कारागिरीचा शब्द आहेच.

तिसरा प्रकार गंभीर. खुद्द बीमला किंवा कॉलमला तडा, त्यातून गंजाचा तांबूस डाग, किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच जागी दिसणारी आणि महिन्या-महिन्याला रुंदावणारी तिरपी चीर. असे दिसले तर पत्र टाकाच, पण उत्तराची वाट न पाहता स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून लेखी अहवाल घ्या.

चीर वाढते आहे की नाही, हे ओळखायला आमच्या वर्गातली पट्टी पुरते. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहायची. चिरेला पट्टी लावून फोटो काढायचा. पंधरा दिवसांनी पुन्हा. खुणेच्या पुढे चीर गेली असेल तर ते भिंतच सांगते. तोवर रंगवायचे नाही, पुट्टी भरायची नाही. ईद आली, पाहुणे येणार, म्हणून घाईघाईत रंग मारणारी घरे आम्ही पाहिली आहेत. पाहुण्यांना डाग दिसत नाही आणि बिल्डरच्या इंजिनिअरलाही दिसत नाही.

पत्र लिहिण्याआधी करारनामा एकदा उघडावा. अनेक करारांत असे लिहिलेले असते की घेणाऱ्याने बाथरूम, पाईप किंवा रचनेत बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय बदल केला आणि त्यातून गळती झाली, तर बिल्डरची जबाबदारी संपते. तापमानातल्या फरकाने आलेल्या केसाएवढ्या रेघा दोषात मोजायच्या नाहीत, असेही काही करारांत असते. या कुटुंबाने ताब्यानंतर एकच काम केले होते: हॉलच्या खिडकीला लोखंडी ग्रिल. "ते पत्रात नको, त्यांच्या हातात कोलीत मिळेल," असे मुलीचे अब्बा म्हणाले. आमचे मत उलटे पडले. ग्रिल बाहेरून सगळ्यांना दिसते. ती ओल नसलेल्या खिडकीला आहे, हे आपणच आधी लिहिले तर तो मुद्दा तिथेच संपतो.

मग जे पत्र तयार झाले, ते असे. वाचकांनी आपापल्या घराप्रमाणे तपशील बदलावेत.

दि. १५ जुलै २०२४

प्रति,
(करारनाम्यातील बिल्डरचे पूर्ण नाव व नोटिशीसाठी दिलेला पत्ता)

विषय: फ्लॅट क्र. ३०४, (इमारतीचे नाव), महारेरा नोंदणी क्र. (करारातील) – ताब्यानंतर आढळलेले दोष स्थावर संपदा कायदा, २०१६, कलम १४(३) नुसार निदर्शनास आणणे व दुरुस्तीची मागणी.

महोदय,

वरील फ्लॅटचा ताबा आपण मला दि. ३ फेब्रुवारी २०२४ रोजी दिला. कब्जापत्राची प्रत सोबत आहे. ताब्यापासून सहा महिन्यांच्या आत पुढील दोष आढळले.

१) बाथरूममागील पॅसेजची भिंत जमिनीपासून सुमारे दीड फूट उंचीपर्यंत सतत ओली असते. मार्च २०२४ पासून गिलाव्याचे पोपडे निघत आहेत. दि. ६ जुलै रोजी नहाणी बंद करून बाथरूममध्ये चोवीस तास पाणी साठवले असता पातळी सुमारे अर्धा इंच उतरली व खालील फ्लॅट क्र. २०४ च्या बाथरूमच्या छतातून गळती झाली.

२) बेडरूमच्या पश्चिमेकडील भिंतीवर खिडकीच्या खाली व उजवीकडे सुमारे चार फूट बाय तीन फूट ओल येते. पाऊस झाल्यावर ती वाढते. दि. २० जून रोजी प्रथम दिसली.

३) हॉलच्या उत्तरेकडील भिंतीवर बीमच्या खालच्या कडेने सुमारे सात फूट लांबीची आडवी चीर आहे. मे २०२४ मध्ये प्रथम दिसली. दि. ५ जुलैच्या खुणेपासून दि. १४ जुलैपर्यंत ती पूर्वेकडे सुमारे दोन इंच वाढली आहे.

मी बाथरूम, पाईपलाईन, भिंती किंवा रचनेत कोणताही बदल केलेला नाही. फक्त हॉलच्या खिडकीला ग्रिल बसवली आहे. त्या खिडकीभोवती ओल नाही.

कलम १४(३) नुसार हे दोष तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे आपले कर्तव्य आहे. कृपया सात दिवसांत पाहणीची तारीख लेखी कळवावी, प्रत्येक दोषाचे कारण व दुरुस्तीची पद्धत लेखी द्यावी, आणि दुरुस्तीनंतर बाथरूमची पाणी साठवून चाचणी माझ्यासमोर घ्यावी. पाहणीसाठी घर रोज संध्याकाळी पाचनंतर व रविवारी पूर्ण दिवस उघडे असेल. मुदतीत दुरुस्ती न झाल्यास मला महारेराकडे तक्रार करावी लागेल.

आपला,
(सही, नाव, फोन)

सोबत: कब्जापत्राची प्रत, तारखांसह अकरा फोटो.

पत्र दोन वाटांनी गेले. स्पीड पोस्टने पोहोचेच्या पुराव्यासह, आणि करारात दिलेल्या ईमेलवर फोटोंसह. पाहणीच्या वेळा पत्रात मुद्दाम घातल्या होत्या, कारण "आम्ही गेलो होतो, घर बंद होते" हे उत्तर फार जुने आहे.

दहा दिवसांनी साईट इंजिनिअर आला. हॉलची चीर पाहून म्हणाला, "हेअरलाईन क्रॅक आहे, सगळ्याच बिल्डिंगमध्ये असते." पेन्सिलच्या खुणा पाहिल्यावर मात्र त्याने वहीत नोंद केली. पाहणी झाल्यावर त्याच रात्री एक छोटा ईमेल पाठवायला आम्ही सांगितले: आज अमुक गृहस्थ आले, अमुक पाहिले, अमुक करू म्हणाले. तोंडी आश्वासन असे कागदावर येते.

दुरुस्तीचा क्रम नीट राहील, यावर लक्ष ठेवावे लागते. आधी पाणी थांबवायचे, मग भिंत पूर्ण सुकू द्यायची, चाचणी घ्यायची, आणि शेवटी गिलावा व रंग. बिल्डरकडची माणसे बहुधा शेवटापासून सुरुवात करतात, कारण रंग स्वस्त असतो. ओल्या भिंतीवर मारलेला रंग दोन-तीन महिन्यांत फुगतो. इथे बाथरूमची फरशी उकलून ट्रॅपचा सांधा आणि वॉटरप्रूफिंग नव्याने केले गेले, पण चाचणीआधीच टाईल लावायला कामगार बसला होता. घरातल्या अम्मींनी त्याला चहा दिला आणि पाणी भरल्याशिवाय टाईल लावू दिली नाही. तो दिवस १२ ऑगस्टचा, म्हणजे तीस दिवसांच्या आतला.

बाहेरच्या भिंतीचे तसे नाही. भर पावसात झुला टांगून गिलावा दुरुस्त करता येत नाही आणि केला तर टिकत नाही. बिल्डर "दिवाळीनंतर करू" म्हणाला, तर ते दर वेळी टोलवणे नसते. अशा वेळी हट्ट धरण्यापेक्षा त्याच्याकडून तारीख लेखी घ्यावी. त्याबरोबर "या मुदतीमुळे माझा कलम १४(३) खालचा हक्क कायम आहे" असे आपल्या उत्तरात लिहावे. या कुटुंबाने १५ नोव्हेंबरची तारीख लेखी घेतली.

काम झाल्यावर पुढे केलेल्या कागदावर सही करताना वाचून करावी. "सर्व दोष पूर्ण समाधानकारक दुरुस्त झाले, यापुढे कोणतीही तक्रार नाही" असा छापील मजकूर असतो. त्याऐवजी "क्र. १ चे काम दि. अमुकला पूर्ण, क्र. २ व ३ बाकी" एवढेच लिहून सही द्यावी.

तीस दिवस उलटले आणि काहीच झाले नाही, तर महारेराच्या संकेतस्थळावर ऑनलाईन तक्रार करता येते. फी पाच हजार रुपये आहे. वकील असलाच पाहिजे असे नाही. दोन्ही बाजूंची तयारी असेल तर महारेराच्या सलोखा मंचाकडेही जाता येते, आणि लहानसहान दुरुस्तीसाठी तो रस्ता आम्हाला बरा वाटतो. पैशांची भरपाई हवी असेल तर त्याची मागणी वेगळी करावी लागते. त्यासाठी खराब झालेल्या कपाटाची, गादीची, स्वतः केलेल्या खर्चाची बिले जपावीत. इमारत रेरात नोंदलेली नसेल, उदाहरणार्थ आठ किंवा त्याहून कमी फ्लॅटचा छोटा प्रकल्प असेल, तर ग्राहक आयोगाचा दरवाजा आहे. तिथे मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून पाच वर्षांच्या भरवशावर बसू नये. गच्ची, जिना, बाहेरच्या सामाईक भिंती यांसाठी सोसायटीने आपले वेगळे पत्र द्यावे.

कोंढव्यातल्या घराची बाहेरची भिंत नोव्हेंबरच्या अखेरीस झाली, ठरलेल्या तारखेपेक्षा दहा दिवस उशिरा. हॉलची चीर त्याच कामगारांनी खरवडून, जाळी ठोकून भरली. फेब्रुवारीत ती डाव्या टोकाला पुन्हा एक फूटभर उघडली. मुलीच्या अब्बांनी या वेळी पत्र स्वतःच लिहिले आणि आम्हाला फक्त शुद्धलेखन तपासायला दिले. त्याची पहिली ओळ अशी होती: "माझ्या दि. १५ जुलै २०२४ च्या पत्रातील दोष क्र. ३ संदर्भात."